एकाच रक्ताचे तीन एएनए रिपोर्ट : होमोजिनस, डेन्स फाइन स्पेकल्ड आणि निगेटिव्ह

प्रश्न : मी ऐरोलीला राहते, वय ३३, शाळेत शिकवते. केस गळतात, थकवा असतो, संध्याकाळी गुडघे दुखतात. तपासण्यांच्या पॅकेजमध्ये एएनए आली : ‘पॉझिटिव्ह, होमोजिनस, १:१६०’. महिन्याने ठाण्यात दुसऱ्या लॅबमध्ये केली तर ‘डेन्स फाइन स्पेकल्ड, १:३२०’, खाली हिरवा फोटोही छापलाय. तिसऱ्या ठिकाणी एलायझाने केली, ती ‘निगेटिव्ह’. महिन्यात दुप्पट झालं म्हणजे आजार वाढतोय का? मला ल्युपस आहे का? यातला खरा रिपोर्ट कुठला?

उत्तर : तिन्ही खरे असू शकतात. किंबहुना मला तर ते तिघं मिळून एकच गोष्ट सांगतायत असं वाटतं, आणि ती गोष्ट ल्युपसची, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजाराची, नाही. मी ठाण्यात बावीस वर्षं एएनएची स्लाइड अंधाऱ्या खोलीत बसून वाचतेय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. तुमचे रिपोर्ट मी प्रत्यक्ष पाहिलेले नाहीत आणि तुम्हाला तपासलेलंही नाही, हे धरूनच पुढचं वाचा.

एएनए म्हणजे आपल्याच पेशींच्या केंद्रकाला चिकटणारी अँटीबॉडी. सुरुवात तिच्या आकड्यापासून करू, कारण धसका त्याचाच घेतलेला दिसतोय. १:१६० म्हणजे काय? तुमचं सीरम बफरमध्ये पातळ करायचं, एक भाग सीरम एकूण ८० भागांत. मग त्याला दुप्पट पातळ करत जायचं : १:१६०, १:३२०, १:६४०. प्रत्येक पातळीचा एकेक थेंब स्लाइडवरच्या वेगवेगळ्या वेलमध्ये, म्हणजे छोट्या खळग्यात, टाकायचा. वेलच्या तळाशी हेप-२ नावाच्या माणसाच्या पेशी चिकटवलेल्या असतात. कर्करोगाच्या पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या या पेशींचं केंद्रक चांगलं मोठं असतं, म्हणून त्या निवडल्या. अर्धा तास ओलसर डब्यात ठेवायचं, बफरने धुवायचं, मग आयजीजी प्रकारच्या मानवी अँटीबॉडीला चिकटणारं, चमकणारा रंग जोडलेलं द्रव्य घालून पुन्हा अर्धा तास. पुन्हा धुऊन कव्हर स्लिप लावायची आणि फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली बघायचं. तुमच्या रक्तात केंद्रकाला चिकटणारी अँटीबॉडी असेल तर तिथे सफरचंदासारखा हिरवा रंग उजळतो. ज्या शेवटच्या पातळीपर्यंत तो डोळ्याला जेमतेम दिसतो, ते तुमचं टायटर.

‘डोळ्याला जेमतेम’ हे शब्द नीट लक्षात घ्या. १:१६० ला फिकट हिरवं आणि १:३२० ला ‘आहे की नाही?’ अशी वेळ रोज येते. मायक्रोस्कोपचा दिवा नवा की जुना, कीट कुठल्या कंपनीचं, वाचणारी व्यक्ती कोण, यावर निकाल एक पायरी इकडे-तिकडे जातो, आणि एका पायरीचा फरक आमच्या क्षेत्रात फरकच मानत नाहीत. तेव्हा १:१६० आणि १:३२० हे वेगळ्या लॅबमधले, बहुधा वेगळ्या कीटवरचे दोन आकडे माझ्या लेखी एकच आहेत. काही वाढलेलं नाही. शिवाय कित्येक लॅब खरोखर पुढची पातळी करतच नाहीत. सुरुवातीच्या एकाच पातळीवरची चमक बघून ‘दोन अधिक’, ‘तीन अधिक’ अशी श्रेणी देतात आणि तिच्यावरून टायटर अंदाजाने लिहितात. रिपोर्टमध्ये ‘अंदाजित टायटर’ असा शब्द बारीक अक्षरात असतो, तो शोधून बघा. बघण्याचा वेळ वाचतो, खर्चही वाचतो, हे मी समजू शकते. पण तो आकडा मोजलेला नसतो.

आता दुसरा अर्धा भाग. हा आकडा आजारी माणसांतच येतो असं नाही. १९९७ साली अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून धडधाकट माणसांचं रक्त याच पद्धतीने तपासलं. १:४० ला शंभरातली जवळपास ३२ माणसं पॉझिटिव्ह निघाली, १:८० ला १३, १:१६० ला ५ आणि १:३२० ला ३. म्हणजे एक लाख निरोगी लोकांत तुमच्यासारखा १:३२० आकडा साधारण तीन हजार जणांना असणार. ल्युपसचे रुग्ण लाखात काही दहा ते शंभर-दीडशे. नुसत्या आकड्याच्या चाळणीने एवढ्या गर्दीतून ते वेगळे निघत नाहीत. शिवाय एएनए पॉझिटिव्ह येण्याच्या कारणांच्या यादीत थायरॉइडचे काही आजार, टीबीसारखे संसर्ग, काही औषधं आणि नुसतं वाढतं वय, हेही आहेत. टीबीवरचं आयसोनियाझिड किंवा रक्तदाबावरचं हायड्रॅलाझिन घेणाऱ्यांत होमोजिनस एएनए दिसणं आमच्या लॅबमध्ये नेहमीचं आहे.

मग २०१९ साली युरोप आणि अमेरिकेच्या संधिवात संघटनांनी ल्युपसच्या वर्गीकरणात १:८० ची पॉझिटिव्ह एएनए का घातली? घातली ती दाराशी उभं राहायला. आत यायला लागतात दहा गुण, आणि ते पुरळ, सांध्यांची सूज, मूत्रपिंड, रक्तपेशी, डीएनएची अँटीबॉडी, रक्तातली घटलेली सी-३ आणि सी-४ प्रथिनं अशा गोष्टींतून मिळवायचे असतात. एएनएला स्वतःचा एकही गुण नाही. दार उघडं आहे म्हणून घरात कोणी आहे असं होत नाही.

खरी माहिती पॅटर्नमध्ये असते, म्हणजे पेशीत हिरवा रंग कुठे आणि कसा उजळतो त्यात. आणि पॅटर्नमध्येही मी एकाच जागी सगळ्यात जास्त वेळ बघते : विभागणाऱ्या पेशीत.

हेप-२ पेशी वाढत असताना स्लाइडवर चिकटवलेल्या असतात. त्यातल्या बहुतेक शांत अवस्थेत असतात, गोल केंद्रकासह. काही मात्र नेमक्या विभागणीच्या मध्यात असतात. अशा पेशीचं केंद्रकाचं आवरण विरघळलेलं असतं आणि सगळी गुणसूत्रं पेशीच्या मधोमध एका जाड पट्टीसारखी रांगेत उभी असतात. त्या अवस्थेला मेटाफेज म्हणतात. चांगल्या स्लाइडवर मोठ्या भिंगाखाली एका क्षेत्रात अशा तीन-चार पेशी तरी सापडायला हव्यात. त्या पट्टीवर प्रकाश आहे का, हा प्रश्न सगळा निकाल फिरवतो.

समजा, अँटीबॉडी गुणसूत्रांतल्या डीएनए-हिस्टोनवर आहे. मग शांत पेशीचं केंद्रक एकसारखं, घोटलेल्या दुधासारखं गुळगुळीत उजळतं आणि मेटाफेजची पट्टीही तशीच गुळगुळीत, झळझळीत. हा होमोजिनस. ल्युपसचा प्रश्न या पॅटर्नला प्रथम विचारायचा, औषधांमुळे होणाऱ्या ल्युपसचाही. दुसरीकडे अँटीबॉडी एसएसए, स्मिथ किंवा आरएनपी यांसारख्या प्रथिनांवर असेल तर केंद्रकात ठिपके दिसतात, बारीक किंवा भरड. पण ही प्रथिनं गुणसूत्रांना चिकटून नसतात. आवरण विरघळलं की ती पेशीभर पसरतात, म्हणून मेटाफेजमध्ये पट्टी काळी राहते आणि बाकीची पेशी उजळते. हा खरा स्पेकल्ड. सोग्रेन, ल्युपस, मिश्र संयोजी ऊतींचा आजार, हे सगळे इथे शोधायचे असतात.

तुमचा दुसऱ्या लॅबमधला डेन्स फाइन स्पेकल्ड या दोघांच्या मधोमध बसतो. शांत केंद्रकात दाट, बारीक, पण आकाराला आणि चमकीला असमान ठिपके, जणू कागदावर रवा उधळलाय. मेटाफेजमध्ये पट्टी उजळते, पण तीही ठिपकेदार. कारण ही अँटीबॉडी डीएफएस-७० नावाच्या प्रथिनावर असते आणि ते प्रथिन गुणसूत्रांना धरून राहतं. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात होमोजिनसला एसी-१ आणि याला एसी-२ असे क्रमांक आहेत. शेजारी-शेजारी, आणि गोंधळही नेमका इथेच होतो. फोकस किंचित हलला, चमक जास्त झाली किंवा कॅमेऱ्याने प्रकाश जास्त घेतला, की ठिपके एकमेकांत मिसळतात, पट्टी तर दोन्हींत उजळतेच, आणि लिहिणारा लिहितो : होमोजिनस. तुमच्या पहिल्या रिपोर्टचं हेच झालं असावं असा माझा कयास आहे.

हे तुम्हाला स्वतःला थोडंफार पडताळता येईल. दुसऱ्या रिपोर्टच्या खालचा फोटो मोबाइलवर मोठा करा. गोल-गोल हिरव्या केंद्रकांच्या मध्ये एखादी पेशी अशी शोधा जिच्यात गोळ्याऐवजी मधोमध आडवी किंवा तिरपी पट्टी आहे. पट्टी उजळ आणि ठिपकेदार असेल आणि गोल केंद्रकांतही रवाळ ठिपके असतील, तर रिपोर्टचं नाव पटण्यासारखं आहे. पट्टी काळी असेल तर ते नाव चूक आहे आणि मला तुमच्याबद्दल थोडी जास्त काळजी वाटेल. फोटोत एकही पट्टी नसेल तर त्या फोटोवरून काहीच ठरत नाही.

तिसऱ्या रिपोर्टचा इथे उपयोग होतो. अनेक एलायझा कीटमध्ये पूर्ण पेशी नसते, आठ-दहा निवडक घटक असतात : डीएनए, स्मिथ, आरएनपी, एसएसए, एसएसबी, एससीएल-७०, जो-१, सेंट्रोमिअर अशी. अशा यादीत डीएफएस-७० बहुधा नसतं. मग पेशीवर उजळलेली अँटीबॉडी एलायझात दिसत नाही, यात आश्चर्य काय? तुमच्या कीटमध्ये नेमकं काय होतं हे लॅबला विचारून घ्या. पण आजाराशी घट्ट जोडलेल्या नेहमीच्या अँटीबॉडी तिथे सापडल्या नाहीत, ही बातमी वाईट नाही. स्लाइडवर जे उजळतंय ते वेगळंच काहीतरी आहे, आणि दुसऱ्या लॅबने त्याला नाव दिलंय.

डीएफएस-७० ची अँटीबॉडी एकटीच असेल, सोबत दुसरी कुठलीही ओळखीची अँटीबॉडी नसेल, तर ल्युपससारख्या आजाराची शक्यता कमी होते. निरोगी तरुण बायकांमध्ये ती बरीच दिसते. ‘कमी होते’ असं मी म्हणतेय, शून्य नाही. आणि ‘एकटी’ या शब्दावर सगळं उभं आहे. तिच्याबरोबर एसएसए किंवा डीएनएची अँटीबॉडी निघाली तर डीएफएस-७० चा दिलासा संपला. शिवाय नुसता पॅटर्न डोळ्यांनी बघून डीएफएस म्हणणं पुरेसं नसतं. मीही चुकते. म्हणून ती अँटीबॉडी स्वतंत्रपणे सिद्ध करावी लागते.

चुकण्याचं म्हणाल तर एक जुनी गोष्ट सांगते, नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली, लॅबचं नाव नको. जुलै महिना होता. ओलसर डब्यातला टिश्यू पेपर ओला करायचा राहून गेला होता आणि वर एसी जोरात. चार रुग्णांच्या वेल अर्धवट सुकल्या. वाचायला बसले तर ओळीने चार होमोजिनस! एका दिवसात चार ओळीने ल्युपस म्हटल्यावर हात थांबला. मग नीट पाहिलं. केंद्रकच काय, बाकीची पेशीही हिरवट होती, वेलच्या कडेला चमक जास्त होती, आणि मेटाफेजची पट्टी आजूबाजूपेक्षा उजळ नव्हतीच. खऱ्या होमोजिनसमध्ये पट्टी सगळ्यात झळझळीत असते. पुन्हा रंगवल्यावर चारपैकी तीन निगेटिव्ह निघाले. निकाल आधीच माहीत असलेले नियंत्रणाचे नमुने दुसऱ्या स्लाइडवर होते, ते बरोबर आले होते, म्हणून आधी शंका आली नव्हती. तेव्हापासून प्रत्येक स्लाइडवर आमचा पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही नमुना असतोच. पावसाळ्यात आणखी एक : फ्रिजमधून काढलेलं स्लाइडचं पाकीट खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय फोडायचं नाही, नाहीतर दमट हवेचं पाणी पेशींवर बसतं. आमच्या गोखले रोडच्या खोलीत जून ते सप्टेंबर हा नियम मोडणाऱ्याला त्या दिवशीचा चहा सगळ्यांना पाजावा लागतो.

उलट्या बाजूचीही एक केस सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल की मी एएनएला मोडीतच काढतेय. पंचेचाळिशीतले एक गृहस्थ, कळव्याचे. जमिनीवरून उठताना हात टेकावे लागत, ठाणे स्टेशनचा पूल चढताना मध्ये थांबावं लागे, आणि कोरडा खोकला. बाहेरचा रिपोर्ट : ‘एएनए निगेटिव्ह’. आमच्याकडे स्लाइड बघितली तर केंद्रक खरंच काळं, पण भोवतालच्या पेशीद्रव्यात बारीक ठिपक्यांची चमक. केंद्रक नाही म्हणून आधीच्या वाचकाने निगेटिव्ह लिहिलं होतं, आणि शब्दशः ते चूकही नव्हतं. पुढे जो-१ ची अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली. हा स्नायूंचा आणि फुप्फुसांचा आजार. त्यांच्या लक्षणांकडे कोणी पाहिलं नसतं तर एका निगेटिव्ह शब्दावर ते आणखी काही महिने फिरले असते. एसएसएची अँटीबॉडीही कधीकधी हेप-२ स्लाइडवर नीट दिसत नाही. लक्षणं बोलत असतील तर निगेटिव्ह स्लाइडवर थांबायचं नाही, आणि लक्षणं गप्प असतील तर पॉझिटिव्हच्या मागे धावायचं नाही.

तर आता तुमचं. केस गळणं, थकवा आणि दिवसभर उभं राहून शिकवल्यावर संध्याकाळी दुखणारे गुडघे, या तीन गोष्टींसाठी मी आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन, टीएसएच आणि ड जीवनसत्त्व बघेन. ल्युपसचे सांधे सहसा सकाळी कडक असतात, हाताच्या बोटांचे असतात, आणि तो ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकतो. संध्याकाळचा गुडघा वेगळ्या कुळातला. ल्युपसच्या बाजूने विचारायचे माझे प्रश्न असे : उन्हात गेल्यावर गालांवर आणि नाकावर पुरळ येतं का, तोंडात न दुखणारे व्रण होतात का, गार पाण्यात किंवा एसीत बोटं पांढरी आणि मग निळी पडतात का, खोल श्वास घेताना छातीत कळ येते का, लघवीला फेस येतो का, गर्भपात झालेत का. यातल्या एकालाही ‘हो’ असेल तर मी वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा आणि संधिवाततज्ज्ञांची वेळ लवकर घ्या.

सगळ्यांना ‘नाही’ असेल तरी एकदाच, नीट, पुढच्या चाचण्या करून विषय मिटवावा असं मला वाटतं. ईएनए प्रोफाइल करा, म्हणजे चाचणीच्या पट्टीवर प्रत्येक अँटीबॉडी वेगळ्या रेघेने दाखवणारी तपासणी, आणि तिच्यात डीएफएस-७० ची रेघ आहे का हे आधी विचारून घ्या; कित्येक पट्ट्यांवर असते. सोबत डीएसडीएनए, म्हणजे डीएनएच्या अँटीबॉडीची चाचणी, कारण पहिल्या रिपोर्टमधलं होमोजिनस खरं असण्याची आणि दोन्ही पॅटर्न एकत्र असण्याची शक्यता मला उरवायची नाही. सीबीसीमध्ये पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी नाहीत ना, क्रिएटिनिन ठीक आहे ना, आणि लघवीच्या साध्या तपासणीत प्रथिनं व लाल पेशी नाहीत ना, हे बघा. ही शेवटची चाचणी सगळ्यात स्वस्त, आणि मूत्रपिंडाची पहिली कुणकुण बहुतेक वेळा तीच देते. पट्टीवर फक्त डीएफएस-७० ची रेघ आली, डीएसडीएनए निगेटिव्ह आणि लघवी स्वच्छ आली, तर तुमचे तिन्ही रिपोर्ट जुळले. मग केसांसाठी त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

पट्टीवर एसएसए आली तर मात्र कुठलंही लक्षण नसलं तरी ती नोंद जपून ठेवा, विशेषतः मूल हवं असेल तर. ही अँटीबॉडी वारेतून बाळापर्यंत जाते आणि क्वचित, शंभरात एक-दोन गरोदरपणांत, बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावतात. प्रसूतितज्ज्ञांना ते आधी माहीत असलं की सोळाव्या-अठराव्या आठवड्यापासून बाळाच्या हृदयावर लक्ष ठेवता येतं.

आणि चौथ्यांदा एएनए करू नका. ज्यांना ल्युपस आहे त्यांच्यातही एएनएचा आकडा आजाराबरोबर वर-खाली होत नाही. आजारावर नजर ठेवायला डीएसडीएनए, सी-३, सी-४ आणि लघवी बघतात. तीन वेगळ्या लॅबमधले तीन आकडे आलेख काढल्यासारखे एकाखाली एक लिहून त्यात चढ-उतार शोधणं तर मुळातच चूक, आणि हे डॉक्टरही करतात, एकट्या तुम्हीच नाही.

संधिवाततज्ज्ञांकडे जाताना दुसऱ्या रिपोर्टची मूळ रंगीत प्रत किंवा पीडीएफ घेऊन जा. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये ती पट्टीही दिसत नाही आणि रवाही.